गाणे, सांगणे आणि देवाचे बोलणे : विधिकर्त्यांच्या मुलाखती छापताना



वाघ्या, मुरळी, गोंधळी, पोतराज, भगत, वारली लग्नातली धवलेरी, कोकणातला गाऱ्हाणे घालणारा गुरव या मंडळींच्या मुलाखती आपल्याकडे आता बऱ्याच घेतल्या जातात. मोबाइलमुळे ध्वनिमुद्रण फुकट झाले आहे. मुलाखत कशी घ्यावी यावर बोलणारे पुष्कळ आहेत. घेतलेली मुलाखत कागदावर कशी उतरवावी, त्यातले काय छापावे, कोणाला विचारून छापावे आणि छापताना त्या माणसाशी कसे वागावे, हा आजचा माझा विषय आहे. सगळ्यांना एकदम हात घालण्यापेक्षा मी खंडोबाचे जागरण घालणाऱ्या वाघ्यांची मुलाखत समोर धरतो. बाकीच्यांचे उल्लेख लागतील तिथे येतील.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. विधी करणाऱ्या माणसाच्या मुलाखतीत तीन वेगवेगळ्या प्रकारचे बोलणे एकमेकांत मिसळलेले असते. पहिले गाणे, म्हणजे परंपरेने पाठ असलेले पद, कथा किंवा आवाहन. दुसरे सांगणे, म्हणजे स्वतःच्या शब्दांत केलेला खुलासा, आठवण, तक्रार, घरची हकीकत. तिसरे विधीत प्रत्यक्ष चालणारे बोलणे, म्हणजे मंत्र, कौल आणि अंगात आल्यावर तोंडून निघालेले शब्द. आवाज एकच असतो, पण या तिन्हींचा धनी एक नसतो. म्हणून लिहून काढण्याची रीत, संमती आणि अवतरणाचा नियम ही तिन्ही ठिकाणी वेगळी हवीत. आपल्या बहुतेक पुस्तकांत तिन्ही एका साच्यात ओतलेली दिसतात आणि तिथूनच घोटाळे सुरू होतात.

लिहून काढताना

आधी सांगण्याचे घेऊ. मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून मी एक छोटा उतारा स्वतः रचला आहे. ही कोणाची खरी मुलाखत नाही, पण ज्यांनी अशा मुलाखती ऐकल्या आहेत त्यांना तो ओळखीचा वाटेल. ‘मामा, जागरणाची मांडणी कशी करता?’ असा प्रश्न आहे. उत्तर असे :

“पयलं घट मांडायचा. म्हंजी चौक भरायचा आधी. चौक भरला का त्याच्यावर घट. मंग पाच ऊस उभं करायचं. कुणाकडं कडब्याची ताटं असत्यात... आमच्यात ऊसच. आमचं म्हातारं म्हणायचं, देव आधी बोलवा, मंग मांडा. आता लोकास्नी येळ न्हाई.”

हाच उतारा संपादकाच्या हाती गेला की पुष्कळदा असा होऊन येतो : ‘जागरणात प्रथम चौक भरून त्यावर घट मांडतात व पाच ऊस उभे करतात.’ वाक्य स्वच्छ झाले आणि चार गोष्टी गेल्या. सांगणारे आधी घट म्हणाले आणि लगेच स्वतःला दुरुस्त करून चौकाकडे वळले. ती दुरुस्ती म्हणजे अडखळणे नव्हते. या विधीत क्रमाला किती किंमत आहे, हे त्या एका दुरुस्तीत दिसते. ‘आमच्यात ऊसच’ या शब्दांनी त्यांनी आपले विधान आपल्या परंपरेपुरते ठेवले होते. संपादकाने ते साऱ्या महाराष्ट्राचा नियम करून टाकले. वडीलधाऱ्यांचा क्रम आणि आजचा क्रम यांतला फरक गळाला. आणि ‘लोकास्नी येळ न्हाई’ हे यजमानांवरचे बोट गळाले, जे कदाचित त्या मुलाखतीतले सर्वांत मोलाचे वाक्य होते, कारण विधी का आखडत चालला आहे याचे कारण ते देते.

म्हणून माझा पहिला नियम असा की लिखित प्रती दोन ठेवाव्यात. एक संग्रहाची प्रत : जसे ऐकू आले तसे, स्वतःच्या दुरुस्त्या, विराम, हसणे, मध्येच आलेला शेजारी, वाजलेली दिमडी, सगळे नोंदवून, दर मिनिटा-दोन मिनिटांना ध्वनिमुद्रणातली वेळ कडेला लिहून. एका तासाच्या मुद्रणाला यासाठी सहा ते आठ तास सहज लागतात. तुणतुणे आणि घाटी वाजत असताना बोललेले असेल तर त्याहून जास्त. दुसरी छपाईची प्रत. हिच्यात ‘म्हंजी’, ‘आपलं ते’ असली पालुपदे कमी करायला हरकत नाही. पण दुरुस्ती, ‘आमच्यात’, ‘कुणाकडं’, ‘म्हातारं म्हणायचं’ यांना हात लावायचा नाही. हे शब्द ज्ञानाची हद्द दाखवतात. ते काढले तर माणसाच्या तोंडी त्याने न केलेला दावा घातल्यासारखे होते.

आता बोलीचा प्रश्न. ‘पयलं’, ‘न्हाई’, ‘येळ’ असेच छापावे की ‘पहिलं’, ‘नाही’, ‘वेळ’ करावे? इथे आपल्या समाजात एक जुनी जखम आहे. ‘पाणी’च्या जागी ‘पानी’ म्हणणाऱ्याला हसण्याची रीत शाळेपासून चालत आली आहे, आणि ण-नचा हा हिशेब जातीच्या हिशेबाशी जोडलेला आहे. मुलाखत घेणारे प्राध्यापकही बोलताना ‘केलंय’, ‘म्हणलं’, ‘बघूयात’ म्हणतात. छापताना मात्र त्यांचा प्रश्न ‘आपण ही विद्या कोणाकडून शिकलात?’ असा व्याकरणशुद्ध होतो आणि समोरचे उत्तर ‘आमी मंग’ या थाटात छापले जाते. पानावर एक माणूस शिकलेला आणि दुसरा अडाणी दिसतो. प्रत्यक्षात दोघेही बोलीतच बोलत होते.

माझा तोडगा असा आहे. दोघांना एकच माप लावा. प्रश्नकर्त्याचे बोलणे जसे ऐकू आले तसे छापायची तयारी असेल, तरच उत्तर देणाऱ्याचे उच्चार छापा. ती तयारी नसेल तर उच्चार दोघांचेही सारखे करा, पण उत्तर देणाऱ्याचे शब्द, क्रियापदांची रूपे आणि वाक्याची चाल बदलू नका. ‘लोकास्नी’चे ‘लोकांना’ केल्याने फारसे बिघडत नाही. ‘मांडायचं’चे ‘मांडतात’ केल्याने बिघडते, कारण पहिल्यात पाळायची रीत सांगितली आहे आणि दुसऱ्यात आज काय घडते ते. गाण्यात मात्र उच्चारालाही हात लावू नये, कारण यमक आणि मात्रा त्यावर उभी असते. शेवटचा शब्द सांगणाऱ्यांचा. काहींना आपली बोली जशीच्या तशी हवी असते, काही म्हणतात, ‘आमच्या नातवाच्या पुस्तकात असतं तसं लिव्हा.’ दोन्ही उत्तरे मान्य करावीत आणि कोणते पाळले ते पुस्तकाच्या सुरुवातीला सांगावे.

गाणे परिच्छेदात कोंबणे ही आणखी एक सवय. अमेरिकेतील अभ्यासक डेनिस टेडलॉक यांनी झुनी लोकांच्या कथा १९७२ साली छापल्या, तेव्हा सांगणारा जिथे थांबतो तिथे त्यांनी ओळ तोडली. लांब विराम स्वतंत्र खुणेने दाखवला आणि मोठ्या आवाजातले बोलणे मोठ्या रोमन अक्षरांत छापले. आपल्या लिपीत अक्षरांचे लहान-मोठे असे दोन संच नाहीत. तिथे ठळक अक्षर वापरावे लागते. पण विरामाला ओळ तोडणे आपल्याला पूर्ण साधते. जागरणात वाघ्या कथेची ओळ टाकतात, साथीदार ती झेलतात, मध्ये दिमडीचा ठेका येतो आणि मग पद सुरू होते. हे सलग छापले तर कोण गाते तेच कळत नाही. मुख्य गायकाची ओळ डावीकडे, झेलणाऱ्यांची थोडी आत आणि वाद्य कुठे येते त्याची कंसात नोंद, एवढी व्यवस्था पुरेशी असते.

आणि प्रश्न गाळू नका. ‘ही अंधश्रद्धा नाही का?’ असे कोणी विचारले आणि वाघ्यांनी दहा मिनिटे देवाची बाजू मांडली. प्रश्न काढून ती दहा मिनिटे छापली तर ते न विचारता प्रवचन करत होते असे दिसते. गाणेही कोणत्या परिस्थितीत म्हटले ते नोंदवावे. घट मांडलेला नसताना आवाहन म्हणायला काही वाघ्या तयार नसतात, काही निदान दिवटी पेटवून मगच म्हणतात. ‘मुलाखतकाराच्या विनंतीवरून, घट न मांडता म्हटले’ एवढी ओळ वर असली तर पुढच्या अभ्यासकाला ते जागरणातले गाणे वाटणार नाही.

अंगात आल्यावरचे बोलणे

तिसऱ्या प्रकाराकडे वळतो, कारण सर्वांत अवघड तोच आहे. विधी चालू असताना वारे येते, देव खेळतो. त्या वेळी जे बोलले जाते त्यात ‘मी’ म्हणजे देव असतो, आणि ज्या माणसाच्या अंगात आले आहे त्याचा उल्लेख तिसऱ्या पुरुषात येतो. बऱ्याच भागांत त्या माणसाला ‘झाड’ म्हणतात. ‘या झाडाला त्रास देऊ नका’ असे तोच आवाज म्हणतो. कागदावर या ओळीपुढे नाव कोणाचे लिहायचे?

त्या माणसाचे नाव लिहिले तर तो स्वतः म्हणेल की हे मी बोललो नाही. नुसते ‘देव’ लिहिले तर संपादकाने निर्वाळा दिल्यासारखे होते. ‘तथाकथित देव’ किंवा अवतरणचिन्हांत ‘देव’ असे लिहिले तर भर पुस्तकात त्याला खोटे ठरवल्यासारखे होते. मला पटलेली रीत अशी : ओळीपुढे ‘अंगात आल्यावर’ एवढेच लिहावे आणि कोणाच्या ते आधीच्या वर्णनात एकदाच सांगावे. छापणाऱ्याने यात हो किंवा नाही असा कौल देण्याची गरज नाही.

संमतीचाही इथे वेगळाच पेच आहे. अंगातले उतरल्यावर काय बोललो ते आठवत नाही, असे बहुतेक सांगतात. मग मुद्रण सुरू करण्यापूर्वी दिलेला होकार या शब्दांना पुरत नाही. ते मुद्रण त्यांना नंतर एकांतात ऐकवावे आणि मग विचारावे. शिवाय तो आवाज एका विशिष्ट कुटुंबाला उद्देशून बोललेला असतो : सुनेला मूल का होत नाही, भावकीत कोणाची नियत वाईट आहे. ती त्या घरची खासगी गोष्ट आहे. वाघ्यांची परवानगी असली तरी यजमानांची नसेल तर तो भाग छापता येत नाही.

करणी कोणी केली, डाकीण कोण, हे नाव त्या बोलण्यात आले असेल, तर कोणाचीही परवानगी असली तरी ते छापू नये. अशा नावांवरून बायकांना मारहाण झाली आहे, गावातून हाकलले गेले आहे, जीवही गेले आहेत. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अशा प्रकारे एखाद्याला करणी करणारा ठरवून छळणे हा गुन्हा आहे. त्याच कायद्यात अघोरी प्रथा करण्याबरोबर तिचा प्रचार करणेही येते. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. भजन, कीर्तन, यात्रा, पारंपरिक विद्या आणि कला यांना त्याने हात लावलेला नाही, म्हणून जागरण-गोंधळाच्या अभ्यासाला अडचण येत नाही. पण एखाद्या भगताने ‘भूत उतरवायला मी चाबकाने मारतो’ असे मुलाखतीत सांगितले आणि आपण ते नावगावासकट छापले, तर तो त्याच्याविरुद्धचा पुरावा होऊ शकतो. हे त्याला बोलण्याआधी माहीत असले पाहिजे. आपण ऐतिहासिक नोंद करत आहोत असे म्हणून यातून सुटका नाही.

संमती कोणाची, केव्हा, कशाला

बहुतेक संस्थांचा संमतीचा कागद एकपानी असतो आणि मुलाखतीच्या सुरुवातीला सही किंवा अंगठा घेतला जातो. त्या क्षणी काय बोलले जाणार हे दोघांनाही माहीत नसते. म्हणून मी संमती तीनदा मागावी असे सुचवतो : मुद्रणापूर्वी, लिखित प्रत वाचून दाखवल्यावर आणि छपाईच्या आधी. पहिल्यांदा तोंडी संमती मुद्रणातच घ्यावी, म्हणजे ती त्यांच्या शब्दांत राहते. दुसऱ्यांदा प्रत मोठ्याने वाचावी, कारण कित्येकांना वाचता येत नाही आणि येते त्यांनाही स्वतःचे बोलणे कानाने ऐकल्यावरच ‘हे काढा’ असे म्हणावेसे वाटते. वाचताना घरात कोण बसले आहे ते पाहावे. चुलत्याशी झालेल्या वाटणीची गोष्ट चुलत्यासमोर वाचून दाखवून होकार घेणे म्हणजे होकार घेणे नव्हे.

आणि एकाच ‘हो’मध्ये सगळे गुंडाळू नये. नाव छापू का? छायाचित्र घेऊ का? आवाज इंटरनेटवर ठेवू का? गाणे दुसऱ्या कोणी वापरले तर चालेल का? आपल्या पश्चात कोणाला विचारायचे? हे पाच प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी येतात. नाव लपवणे हा विद्यापीठीय मंडळींना सुरक्षित मार्ग वाटतो, पण सुपारीवर पोट असणाऱ्या कलावंताला नाव छापून हवे असते. नाव पोहोचले तर जागरणाची आमंत्रणे येतात. अशा वेळी विद्या आणि गाणी नावाने छापावीत. घरची किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडेल अशी हकीकत मात्र दुसऱ्या प्रकरणात नाव न देता टाकण्याची युक्ती फसवी असते. वस्तीत वाघ्यांचे एकच घर असेल तर दोन्ही प्रकरणांतला माणूस कोणीही ओळखतो. तो भाग बंद ठेवावा, हेच बरे.

जागरण एकटा माणूस घालत नाही. पार्टीत मुरळी असते, तुणतुणेवाला असतो, झेलणारे असतात. पार्टीच्या प्रमुखांनी होकार दिला म्हणून मुरळीचा आवाज आपल्याला मिळाला असे होत नाही. तिला वेगळे, शक्यतो बाईनेच, विचारावे. तिच्या बाबतीत आणखी काळजी लागते. लहानपणी देवाला वाहिलेल्या स्त्रीची हकीकत ही तिच्या विद्येची हकीकत असते आणि तिच्यावर झालेल्या अन्यायाचीही. महाराष्ट्रात २००५च्या कायद्याने देवदासी प्रथेला बंदी आहे. तिला वाहणारे आईबाप किंवा भाऊ यांची नावे तिने सांगितली, तर ती छापावीत की नाही हे तिने ठरवायचे आहे, आणि तिने उद्या मत बदलले तर तेही मान्य करायचे आहे.

गाण्यावर कायद्यानेही गाणाऱ्याचा हक्क आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील कलावंताचा हक्क सादरीकरणानंतर पन्नास वर्षे टिकतो, आणि २०१२च्या दुरुस्तीने नाव मिळण्याचा आणि सादरीकरणाची मोडतोड होऊ न देण्याचा नैतिक हक्कही त्यात आला. शेकडो वर्षांचे पद कोणा एकाचे नसेल, पण त्या रात्रीचे गाणे त्या गायकाचे असते.

काही गोष्टी सांगितल्या जातात, पण छापण्यासाठी नसतात. गुरूने कानात दिलेला मंत्र उघड केला तर त्याचा गुण जातो, असे भगत मानतात. जागरणाच्या शेवटी लंगर तोडतात, म्हणजे लोखंडी साखळी हिसका देऊन तोडतात. ती तुटली की देवाने सेवा मान्य केली. त्या साखळीबद्दल काही कारागिरी विश्वासाने सांगितली गेली, असे समजा. ती छापली तर पुढच्या जागरणात यजमान त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतील. अशा जागी पानावर सरळ लिहावे : ‘इथे काही मजकूर सांगणाऱ्यांच्या इच्छेवरून दिलेला नाही.’ नुसती तीन टिंबे देऊ नयेत. टिंबांवरून वाचकाला वाटते की संपादकाने कंटाळवाणा भाग कापला. आणि विधीच्या क्रमाच्या मध्ये टिंबे आली, तर एक पायरीच नव्हती असा समज होतो.

अवतरणातला मान

शेवटी अवतरणाचे. आपल्या नियतकालिकांत ‘डॉ. अमुक सांगतात’ आणि ‘तो वाघ्या सांगतो’ ही दोन वाक्ये एकाच परिच्छेदात सुखाने नांदतात. आपल्या क्रियापदातच आदर असतो, त्यामुळे तो न देणेही लगेच दिसते. ज्यांना समोर बसून ‘मामा’ म्हटले, त्यांना छापताना एकवचनात आणू नये. त्यांचे वय, गाव, गुरू आणि किती वर्षांचा अनुभव हे द्यावे, जसे आपण प्राध्यापकाचे पद आणि विद्यापीठ देतो. आपल्याकडे लोकगीते छापायची आणि गाणारीचे नाव गाळायचे, अशी रीत फार काळ होती. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात लाखभर ओव्या आहेत, आणि तिथे ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव येते. एवढ्या मोठ्या संख्येला हे साधत असेल, तर पाच-दहा मुलाखतींच्या पुस्तकाला न साधण्याचे कारण नाही.

दुसरे असे की, त्यांच्या वाक्याला आपल्या सिद्धांताचे उदाहरण करू नये. वाघ्यांनी बाणाई आणि म्हाळसा यांचे भांडण रंगवून सांगितले की आपण लगेच लिहितो, ‘यातून धनगर आणि वाणी समाजांतील संघर्ष दिसतो.’ दिसत असेलही. गुंथर सोन्थायमर किंवा रा. चिं. ढेरे यांच्यासारख्यांनी खंडोबाच्या उपासनेमागचे समाज नीट उलगडले आहेत. पण ते अभ्यासकाचे म्हणणे आहे. सांगणाऱ्यांचे म्हणणे काय, तेही विचारावे आणि शेजारी छापावे. दोन्ही जुळली नाहीत तर तसे लिहावे. त्यांनी सांगितलेले साल किंवा नाव कागदपत्रांशी जुळत नसेल, तर त्यांचे वाक्य दुरुस्त करू नये. खाली टीप द्यावी. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी इटलीतल्या तेर्नी गावात पाहिले की १९४९ साली पोलिसांच्या गोळीने मेलेल्या एका कामगाराचा मृत्यू लोक १९५३च्या संपाशी जोडून सांगतात. त्यांनी ती चूक पुसली नाही. लोकांना तो मृत्यू कुठे ठेवावासा वाटला हे तिच्यावरून शोधले. आपल्या वाघ्यांच्या तारखांनाही तेवढाच धीर द्यायला हवा.

श्रोतेहो, या सभागृहात अनेकांच्या घरी जुन्या कॅसेट असतील. कोणी प्रबंधासाठी भरल्या असतील, कोणी आकाशवाणीच्या कार्यक्रमासाठी, कोणी हौसेने. चुंबकीय फीत कायमची टिकत नाही, त्यामुळे त्या संगणकावर उतरवून घ्यायला उशीर करू नका. पण उतरवलेले इंटरनेटवर टाकण्यापूर्वी गाणाऱ्यांच्या घरी जा. ते हयात नसतील तर मुलगी, शिष्य, गुरुबंधू यांना बसवून ते मुद्रण ऐकवा, त्याची एक प्रत त्यांना द्या, आणि त्यांनी नको म्हटलेला भाग बंद ठेवा. माझी एवढीच विनंती आहे.